ताप कुणी उतरवला?

गेल्या पावसाळ्यात एक हिंदी कथा भाषांतरासाठी माझ्याकडे आली. ती अजून कुठे छापून आलेली नाही, म्हणून लेखकाचं नाव घेत नाही. बस्तरच्या जंगलातलं एक गाव, तिथला म्हातारा गुनिया, प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच रुजू झालेला तरुण डॉक्टर आणि तापानं फणफणलेला सहा वर्षांचा मुलगा, एवढीच पात्रं. कथेचा सांगाडा कुठल्याही भाषेतल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. डॉक्टर घरात शिरतो तेव्हा गुनिया मोरपिसांच्या कुंच्यानं मुलाला झाडत असतो. डॉक्टर भडकतो. मुलाला केंद्रात हलवायचं ठरतं, पण नाला भरलेला आहे आणि जीप पलीकडे अडकली आहे. दोघांनाही रात्र त्याच ओसरीत काढावी लागते. डॉक्टर बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर तपासतो, गोळी चुरून पाण्यातून पाजतो. गुनिया तांदळाचे दाणे टाकून पाहतो, एक मुळी उगाळून चाटवतो, रात्रभर पुटपुटत राहतो. पहाटे मुलाला दरदरून घाम येतो आणि ताप उतरतो. गुनिया म्हणतो, ‘गोळी तुझी, मंतर माझा, पोर देवाचं.’ डॉक्टर हसतो आणि पहिल्यांदाच त्याला ‘बबा’ म्हणतो.

कथा चांगली लिहिलेली आहे. तिच्यातला पाऊस खरा आहे, ओसरीतला धूर खरा आहे. पण भाषांतर करताना मी त्या पहाटेपाशी अडकले. दोन माणसांच्या मनात एकमेकांविषयी आदर निर्माण झाला, असं कथेला सांगायचं आहे. हा आदर नेमका कशाबद्दलचा? एकमेकांच्या वयाबद्दल, जागरणाबद्दल, की एकमेकांच्या ज्ञानाबद्दल? आणि ज्ञानाबद्दल असेल, तर त्या रात्री कुणाला काय कळलं?

अडचण सुरू झाली ती एका क्रियापदापासून. मूळ हिंदीत आहे, बुखार उतर गया. मराठीत ‘ताप उतरला’ असं सरळ लिहिता येतं. पण पुढच्याच परिच्छेदात गावकरी आपसांत बोलतात, तिथे मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी सहज येईल ते ‘ताप उतरवला’. एका ‘व’नं सगळं बदलतं. उतरला म्हटलं की ताप आपल्या वाटेनं गेला. उतरवला म्हटलं की कुणीतरी कर्ता आला, आणि कर्ता आला की श्रेय आलं. मराठीत तर उतरवणं हे दृष्टीचंही असतं. ओवाळून चव्हाट्यावर ठेवतात तो उतारा, आणि विषावर देतात तोही उतारा. आपल्या भाषेनं मंत्र आणि औषध एकाच शब्दात बसवून ठेवले आहेत.

दुसरा शब्द ‘गुनिया’. त्याला मराठीत काय म्हणायचं? भगत म्हटलं तर तो ठाण्या-पालघरचा होतो, भूमका म्हटलं तर मेळघाटचा, मांत्रिक म्हटलं तर लबाड, वैद्य म्हटलं तर शिकलेला. पण गुनिया या शब्दातला ‘गुण’ मराठीला परका नाही. औषधाचा गुण आला, असं आपण म्हणतो. अमक्याच्या हाताला गुण आहे, असंही म्हणतो, आणि ते देवऋषीबद्दल जितक्या सहजपणे म्हणतो तितक्याच सहजपणे तालुक्याच्या एमबीबीएस डॉक्टरबद्दलही. गुण हातात असतो, असं एकदा मानलं की तो तपासायची सोय उरत नाही. आला तर हाताचा, नाही आला तर नशिबाचा.

आता त्या तापाकडे पाहू, कारण कथेतला सगळा आदर त्याच्या पाठीवर बसून आला आहे. पट्टीवर फॅल्सिपेरम निघालेला आहे, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार. हिवतापाचा झटका ठरावीक पायऱ्यांनी येतो. आधी हुडहुडी, ती पाऊण-एक तास टिकते. मग अंग भाजून काढणारा ताप, तो दोन ते सहा तास. मग घाम, आणि घामाबरोबर ताप खाली. सगळं मिळून साधारण सहा ते दहा तास. व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारात हे चक्र एक दिवसाआड फिरतं. फॅल्सिपेरममध्ये इतका नेम नसतो, पण तिथेही ताप चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. रक्तातल्या तांबड्या पेशींत परजीवी वाढतात, पेशी एका वेळी फुटतात आणि परजीवींची नवी फौज बाहेर पडते. ताप चढतो तो या फुटण्यामुळे. ताप उतरतो तेव्हा परजीवी मेलेले नसतात, ते नव्या पेशींत शिरलेले असतात.

याचा अर्थ गुनियाच्या बाजूनं नीट समजून घ्यायला हवा. संध्याकाळी पोर थंडीनं कुडकुडायला लागतं तेव्हा त्याला बोलावणं येतं. तो दिवेलागणीला झाडायला बसतो. पहाटे घाम येतो आणि ताप उतरतो. हे त्यानं एकदा नाही, आयुष्यात शेकडो वेळा आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला भोंदू म्हणणं सोपं आहे, पण तो खोटं बोलत नाही. त्याचा अनुभव खरा आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. एखाद्याला सज्जनपणे, वर्षानुवर्षं, पुराव्यानिशी फसवायचं असेल, तर त्यासाठी हिवतापाहून चांगला आजार सापडणार नाही.

आणि हाच आजार डॉक्टरलाही तसाच फसवू शकतो. कथेत गोळी रात्री नऊच्या सुमारास दिली गेली आणि पहाटे ताप उतरला. आर्टेमिसिनिनच्या जातीची औषधं परजीवींना झपाट्यानं मारतात, हे खरं. पण ताप पूर्णपणे जायला बहुधा एक-दोन दिवस लागतात. त्या पहाटेचा घाम गोळीचा होता की चक्राचा, हे त्या ओसरीत बसलेल्या कुणालाच सांगता आलं नसतं. म्हणजे ज्या घटनेवर परस्पर आदराचा पाया घातला आहे, ती घटना दोघांपैकी कुणाच्याच बाजूची साक्ष देत नाही. लेखकानं ही संदिग्धता मुद्दाम ठेवली आहे. त्याला ती सुंदर वाटते. गोळी तुझी, मंतर माझा. मला मात्र तिथे एक तडजोड दिसते. कुणाचंच खरं-खोटं झालं नाही, म्हणून दोघांचंही बरं चाललं.

या कथेतच एक दुसरी जागा आहे. ती लेखकानं पाच-सहा ओळींत उरकली आहे, आणि मला वाटतं खरी कथा तिथे आहे. डॉक्टर मुलाच्या बोटाला सुई टोचायला जातो तेव्हा मुलाची आजी त्याचा हात धरते. तेव्हा गुनिया आपलं बोट पुढे करतो. म्हणतो, ‘आधी माझं घे.’ डॉक्टर घेतो. पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही पट्ट्यांवर रेघा उमटतात, मुलाच्या आणि म्हाताऱ्याच्याही. म्हाताऱ्याला ताप नाही. तो धडधाकट आहे, सकाळी सरपण फोडून आलेला आहे.

यात अतिशयोक्ती नाही. 2020 साली बस्तरमध्ये हिवतापमुक्तीची मोहीम सुरू झाली. तिच्यात ताप असो वा नसो, घराघरात जाऊन सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं, आणि ताप नसलेल्या पुष्कळ लोकांच्या रक्तात परजीवी सापडले. जन्मभर डास चावलेल्या मोठ्या माणसाचं शरीर परजीवीशी एक प्रकारचा समझोता करून बसतं. त्याला ताप येत नाही, पण त्याला चावलेला डास तोच परजीवी पुढे घेऊन जातो, लहान मुलापर्यंत.

गुनिया त्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी धरून बघतो, एवढं लिहून कथा पुढे सरकते. पण त्या क्षणी त्याच्या विद्येचा पायाच हललेला असणार. त्याच्यासाठी आजार म्हणजे ताप, आणि ताप गेला की आजार गेला. इथे आजार आहे आणि ताप नाही, तोही त्याच्याच अंगात. हे त्याला कुणी भाषण देऊन शिकवलेलं नाही, त्यानं स्वतः बोट पुढे करून पाहिलं आहे. माझ्या मते कथेतला आदराचा पहिला क्षण हा आहे. एका माणसानं दुसऱ्याच्या ज्ञानासमोर आपलं शरीर तपासायला दिलं.

मग डॉक्टरनं त्याच्यासमोर काय ठेवलं? कथेत काहीच नाही. त्याला ठेवण्यासारखं मात्र होतं. ही पट्टी परजीवीच्या एका प्रथिनाचा माग काढते, आणि परजीवी मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहू शकतं. तीन आठवड्यांपूर्वी पूर्ण औषध घेतलेल्या माणसाच्याही पट्टीवर रेघ उमटू शकते. डॉक्टरनं म्हाताऱ्याला एवढं जरी सांगितलं असतं, की ‘बबा, ही काडीसुद्धा कधीकधी जुन्या आजाराची रेघ दाखवते, म्हणून मला विचारावं लागतं की याआधी गोळ्या घेतल्या होत्या का,’ तर ते आदराचं बोलणं झालं असतं. कारण आपलं साधन कुठे चुकतं ते समोरच्याला सांगणं, म्हणजे तो ते समजू शकतो असं मानणं.

कथेत त्याऐवजी संबोधन बदलतं. हिंदीत डॉक्टर आधी गुनियाला ‘तुम’ म्हणतो आणि शेवटी ‘आप’ म्हणतो. मराठीत मी ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं. हे बदल वाचकाला सुखावतात. पण मराठीत आपण आईला तू म्हणतो, विठ्ठलालाही तू म्हणतो, आणि ज्याचं एक अक्षर पटत नाही अशा साहेबाला तुम्ही म्हणतो. अहो-जाहो करणं म्हणजे मान राखणं. ते हवंच, म्हाताऱ्या माणसाशी अरेतुरे करणारा डॉक्टर मला नको आहे. पण मान राखणं आणि एखाद्याचं म्हणणं गंभीरपणे घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंभीरपणे घेतलं की ते तपासावं लागतं, आणि तपासलं की ते चुकीचं निघण्याची शक्यता स्वीकारावी लागते.

पारंपरिक ज्ञानाच्या बाजूनं बोलताना हल्ली आर्टेमिसिनिनचंच उदाहरण दिलं जातं. ते नीट पाहिलं तर वेगळंच काही सांगतं. 1967 साली चीननं हिवतापावरच्या औषधासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या ग्रंथांतले आणि वैद्यांकडचे 2000 च्या आसपास पाठ जमवले. त्यांतून निवडलेल्या सुमारे 200 वनस्पतींचे 380 अर्क काढून उंदरांवर तपासले. बहुतेक अर्क निरुपयोगी ठरले. चिंगहाओ या वनस्पतीचा अर्कही एकदा चालायचा, एकदा नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात तू यूयूंच्या लक्षात एक बारीक गोष्ट आली. तिथे ती वनस्पती उकळायला सांगितलेली नाही, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेली आहे. उष्णतेनं तिचा गुण मरत असेल का, असा विचार करून त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये तो उंदरांवर पूर्ण यशस्वी ठरला. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं.

भाषांतरकार म्हणून मला यातला वाचनाचा भाग फार जवळचा वाटतो. एका क्रियापदाकडे एवढ्या बारकाईनं कुणी पाहिलं, आणि त्यावर लाखो जीव वाचले. गे होंगचा आदर करणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पण त्याच आदराच्या पोटात ते शेकडो फसलेले अर्कही आहेत. जुन्या वैद्यांचं सगळंच खरं होतं असं तू यूयूंनी मानलं नाही, आणि सगळंच खोटं असंही मानलं नाही. त्यांनी प्रत्येक पाठाला खरं ठरायची संधी दिली, म्हणजेच खोटं ठरायचीही. आमच्या कथेतल्या गुनियानं उगाळलेल्या मुळीला ती संधी कुणी दिली नाही. डॉक्टर आधी तिला हसला आणि नंतर तिच्याकडे पाहून हसला. तिचं नाव त्यानं एकदाही विचारलं नाही.

आता कथेतल्या सर्वांत अवघड जागेकडे येते. औषध तीन दिवसांचं आहे. पुड्यांचे रंग वयाप्रमाणे ठरलेले असतात, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी हिरवी पुडी. ताप पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उतरतो आणि घरचे उरलेल्या गोळ्या छपरात खोचून ठेवतात, पुढच्या वेळेसाठी. अर्धवट औषधानं उरलेले परजीवी पुन्हा वाढतात आणि आठ-पंधरा दिवसांनी ताप परत येतो. डॉक्टरला हे माहीत आहे. त्याला हेही दिसलं आहे की गुनियानं सांगितलेलं पथ्य हे घर डोळे झाकून पाळतं. म्हणून सकाळी निघताना तो म्हाताऱ्याला म्हणतो, ‘बबा, या गोळ्यांवर तुमचा मंतर घाला आणि सांगा की देवानं तीन दिवस सांगितलेत.’ म्हातारा मान डोलावतो. कथेत हा समेटाचा कळस आहे.

मला तो तसा वाटत नाही. मूल पूर्ण औषध घेईल, हे मोठंच आहे, आणि ते घेतलं जाण्यासाठी मंत्र लागला तर लागो, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. माझा प्रश्न डॉक्टर आणि गुनिया यांच्यातल्या व्यवहाराबद्दल आहे. डॉक्टरचा मंत्रावर विश्वास नाही. ज्याच्यावर आपला विश्वास नाही ते दुसऱ्याकडून करवून घेणं म्हणजे त्याला अवजार म्हणून वापरणं. रुग्ण केंद्रात आणला तर गुनियाला किंवा भूमकाला अमुक रुपये, अशा योजना आखतानाही हाच हिशेब असतो. त्यानं मुलं वाचत असतील तर योजना चालू राहावी. फक्त तिला आदर म्हणू नये. आदर करायचा तर डॉक्टरनं म्हाताऱ्याला कारण सांगायला हवं होतं. ताप नसला तरी परजीवी रक्तात असू शकतो, तुमच्या स्वतःच्या पट्टीवर त्याची रेघ तुम्ही पाहिली आहे, म्हणून तीन दिवस. मग म्हाताऱ्यानं त्यावर मंत्र घातला असता किंवा नसता, तो त्याचा निर्णय झाला असता. कारण कळलेला माणूस नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणण्याची ती मोकळीक दिल्याशिवाय आदर पुरा होत नाही.

इथे मला ताराशंकर बंद्योपाध्याय यांची ‘आरोग्य निकेतन’ ही कादंबरी आठवते. ती 1953 सालची. तीही जुना वैद्य आणि नवा डॉक्टर यांचीच आहे. जीवन मशाय नाडी पाहून सांगतो की हा रोगी वाचणार नाही. तरुण डॉक्टर प्रद्योतला ते क्रूर आणि अडाणीपणाचं वाटतं. पण जीवन मशायची विद्या खोलवर आपल्या मर्यादेची विद्या आहे. आयुर्वेदानं रोगांचे साध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले आहेत. त्यातलं असाध्य ओळखणं आणि तसं बोलून दाखवणं, ही त्याची तपश्चर्या आहे. आपल्या पोटच्या मुलाच्या नाडीतही त्याला मृत्यू दिसतो आणि तो डोळे मिटून घेत नाही. त्याच्या बायकोनं त्याला ते कधी माफ केलं नाही. ती कादंबरी मोठी का, याचं माझ्यापुरतं उत्तर असं की तिथे आदराची किंमत मोजलेली आहे. आपण हरलो तेव्हा काय म्हणायचं, हे जीवन मशायला माहीत आहे.

आमच्या कथेतही एक हार आहे, आणि ती एका ओळीत आहे. आजी डॉक्टरचा हात धरते तेव्हा म्हणते, की मागच्या साली याच्या बहिणीलाही असाच ताप होता. बस, एवढंच. मी लेखकाला फोन करून विचारलं, त्या मुलीचं काय झालं होतं? त्यांना ते माहीत होतं. पहिल्या कच्च्या खर्ड्यात त्यांनी ते लिहिलंही होतं, कथा जड होते म्हणून पुढे काढून टाकलं. पहिल्या रात्री गुनियानं झाडलं आणि पहाटे ताप उतरला, म्हणून घरच्यांनी कोंबडं दिलं. तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा आला, पुन्हा झाडलं, पुन्हा उतरला. पाचव्या दिवशी मुलगी पाणी गिळेना, आईकडे बघेना, मग झटके आले. खाटेवर घालून केंद्रात नेईपर्यंत ती गेली होती.

गिळता न येणं, सगळं उलटून पडणं, झटके, जाग न येणं, ही मुलांच्या तापातली धोक्याची लक्षणं आरोग्यसेविकेच्या तक्त्यावर असतात. गुनियाला ती तक्त्याशिवाय माहीत असणार, कारण त्यानं ती डॉक्टरपेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिली आहेत. त्यांचा अर्थ मात्र त्याच्या लेखी वेगळा होता. मुलगी गेल्यावर तो म्हणाला, देवाला दिलेलं कमी पडलं. केंद्रातला त्या वेळचा डॉक्टर म्हणाला, फार उशिरा आणलंत.

ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत. विद्या वेगळ्या आहेत, भाषा वेगळ्या आहेत, पण वाक्य एकच आहे. दोघांनीही आपली पद्धत वाचवली आणि दोघांनीही दोष त्याच एका बाईवर टाकला. कोंबड्याऐवजी बकरा दिला नाही तो तिनं, आणि पावसात नाला ओलांडून लवकर आणलं नाही तेही तिनं. उशीर का झाला याचं खरं उत्तर असं होतं की ताप दोनदा उतरला होता, आणि उतरणारा ताप म्हणजे बरं होणं असं तिला सगळ्यांनी शिकवलं होतं. तिला तसं शिकवण्यात गुनियाचा वाटा होता. ताप उतरला की निश्चिंत होऊन घरी पाठवणाऱ्या, पट्टी संपली म्हणून नुसती तापाची गोळी देणाऱ्या केंद्रांचाही होता.

म्हणून त्या रात्रीच्या दोघांच्या आदराची कसोटी मी या वाक्यांवर लावते. गुनियानं डॉक्टरला, आणि डॉक्टरनं गुनियाला, हे वाक्य पुन्हा म्हणू दिलं नाही तर तो आदर. ‘देणं कमी पडलं नव्हतं बबा, ताप उतरला तरी आजार आत होता,’ हे डॉक्टरनं म्हणायला हवं, तोंडावर, आवाज न चढवता. आणि म्हाताऱ्यानं विचारायला हवं, की उशीर झाला म्हणता, मग पाऊस सुरू व्हायच्या आधी पट्ट्या आणि गोळ्या नाल्याच्या या बाजूला का ठेवल्या नाहीत? दोन्ही बोलणी कडू आहेत. ती झाल्यावर पहाटे दोघं हसले नसते कदाचित. पण दुसऱ्या पोराला ताप येईल तेव्हा गुनिया झाडता झाडता विचारील, की गिळतोय का, आणि उत्तर नाही आलं तर कुंचा खाली ठेवील. छत्तीसगडमध्ये 2002 पासून गावोगाव मितानिन आहेत, पट्टी आणि गोळ्या त्यांच्या पिशवीत असू शकतात. कुणाकडे निरोप धाडायचा ते म्हाताऱ्याला ठाऊक असेल.

लेखकाला मी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, कथा दोन माणसांच्या मैत्रीची आहे, तुम्ही तिचा दवाखाना करताय. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तिरस्कार करणारे खूप आहेत, जंगलातल्या माणसाला मूर्ख समजणारे खूप आहेत, आणि अशा वेळी दोघांना एका ओसरीत बसवून हसवणं हेही एक काम आहे. मी एवढंच म्हटलं की त्या ओसरीत तिसरी व्यक्तीही होती. मुलाची आई रात्रभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली होती, आणि आदराच्या देवघेवीत तिला कुणी काही विचारलं नाही. ताप कितव्यांदा आला, मागच्या खेपेला काय काय दिलं, गोळ्या पुऱ्या झाल्या होत्या का, हे सगळं त्या घरात फक्त तिला माहीत होतं.

भाषांतर आता पूर्ण झालं आहे. गुनियाला मी गुनियाच ठेवलं आहे. गावकऱ्यांच्या तोंडी ‘ताप उतरवला’ आहे, कारण ते तसंच म्हणतील. निवेदनात मात्र सगळीकडे ‘उतरला’ ठेवलं आहे. आणि बहिणीबद्दलची ती पाचव्या दिवसापर्यंतची हकिगत लेखकानं आपल्या जुन्या खर्ड्यातून शोधून मला पाठवली आहे. ती हिंदीत येईल की नाही ते अजून ठरलेलं नाही. मराठीत ती येणार आहे, आजीच्या त्या एका ओळीनंतर, आणि ती सांगताना मुलाची आई बोलते.